मानेवाडा चौक ते रेल्वे स्टेशन, संत्रा मार्केट गेट: ४ तारे

आधी हे स्पष्ट करतो की हे ४ तारे फक्त ॲपवरून बुक केलेल्या तिसऱ्या गाडीच्या दादांना आहेत. त्याआधी दोन भाडी रद्द झाली, त्याचा राग यांच्यावर काढणं बरोबर नाही.

पहिल्या चालकाने फोनवर विचारलं, "कुठं जायचं आहे? कॅश देता का?" ऑनलाइन म्हटल्यावर म्हणाला, "मग तुम्हीच कॅन्सल करा." मी केलं नाही. सहा मिनिटं गाडी नकाशावर एकाच जागी उभी, मग त्यानेच रद्द केलं. दुसऱ्याने तर फोनही न करता रद्द केलं. मे महिन्यातलं ऊन, सोबत गुडघे दुखणारी आई, आणि विदर्भ एक्स्प्रेस गाठायची. विनाकारण भाडं रद्द केलं तर चालकाला भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड, असं केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्या दोन भाड्यांची तक्रार मी त्या त्या ट्रिपखाली वेगळी नोंदवली आहे.

तिसरे दादा चार मिनिटांत आले. डिक्कीत सीएनजीची टाकी, म्हणून मोठी बॅग त्यांनी स्वतः पुढच्या सीटवर ठेवली आणि आईला चढताना दार धरून उभे राहिले. तुकडोजी पुतळ्याजवळ म्हणाले, "काकू, मेडिकल चौकात या टायमाला लय जाम राहते. रेशीमबाग, अशोक चौकाकडून घेऊ का? थोडं लांब पडन, पण अडकणार नाही." ॲपचा नकाशा मेडिकलवरूनच दाखवत होता. आम्ही हो म्हटलं. भाडं आधी दाखवलेलं २१४ रुपयेच लागलं आणि गाडी कुठेही अडकली नाही. रस्ता बदलला म्हणून तारा कापणाऱ्यांनी चालकाने विचारलं होतं का, एवढं तरी पाहावं. मार्गासाठी माझ्याकडून पूर्ण गुण.

एसी न सांगता सुरू होता, सीट कव्हर धुतलेले. पण पुढच्या दाराच्या आत तंबाखूच्या खर्‍याची पुडी खोचलेली होती आणि तो वास बंद काचांत आईला सहन होईना. काच थोडी खाली करायला सांगितली, त्यांनी लगेच केली.

तारा कापला तो फोनसाठी. अशोक चौक ओलांडल्यावर चालत्या गाडीत फोन कानाला लावून ते बोलत होते, आणि त्याच नादात एक स्पीडब्रेकर दिसला नाही. आईच्या गुडघ्याला जोरात धक्का बसला. मी म्हटलं, "दादा, फोन नंतर घ्या." फोन ठेवला, "माफ करा काकू" म्हणाले, पुढे बैद्यनाथ चौकापासून गेटपर्यंत गाडी अगदी संथ आणि नीट चालवली. एकदाच घडलं आणि सांगितल्यावर थांबलं, म्हणून एकच तारा कापला. ऐकलं नसतं तर दोन तारे दिले असते.

दादा, हे वाचत असाल तर गाडीत फोनसाठी स्टँड लावून घ्या आणि स्पीकरवरही चालत्या गाडीत बोलू नका. टीप ३० रुपये ॲपमधूनच दिली आहे.