अंशराशीकरणाच्या रकमेचा हिशेब लेखी मिळण्याबाबत

दि. ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. विश्वस्त,
कर्मचारी पेन्शन निधी,
बँकेचे मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : पेन्शनच्या एक-तृतीयांश भागापोटी (कम्युटेशन) मिळालेल्या रकमेचा हिशेब

महोदय,

मी सातारा शाखेतून ३० एप्रिल २०२५ रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त झालो. कम्युटेशनचा अर्ज पेन्शनच्या कागदपत्रांसोबत मार्चमध्येच शाखेत दिला होता. त्याची पोच माझ्याकडे आहे. १८ जुलै रोजी खात्यात १६,१५,३९२ रुपये जमा झाले. ही रक्कम कशी काढली, ते मला कळलेले नाही.

पीपीओप्रमाणे माझी मूळ पेन्शन ४२,६०० रुपये आहे. तिचा तिसरा हिस्सा १४,२०० रुपये, म्हणजे वर्षाचे १,७०,४०० होतात. माझी जन्मतारीख १२ एप्रिल १९६५. निवृत्तीनंतरच्या वाढदिवसाला मला ६१ पूर्ण होतील आणि त्या वयाचा गुणक तक्त्यात ९.८१ आहे. त्याने गुणल्यास १६,७१,६२४ रुपये येतात. जमा रकमेला १,७०,४०० ने भागले तर बरोबर ९.४८ उरतात, आणि तक्त्यात हा आकडा ६२ वर्षांसमोर आहे. फरक ५६,२३२ रुपयांचा.

म्हणून विचारतो, निधीच्या नोंदीत माझे जन्मसाल १९६४ पडले आहे का? तसे असते तर बँकेने मला वर्षभर आधीच घरी पाठवले असते. की वय ठरवायला दुसरीच तारीख धरली? कर कापला म्हणावे, तर ग्रॅच्युइटी घेतलेल्याला एक-तृतीयांशापर्यंतचे कम्युटेशन आयकर कायद्याच्या कलम १०(१०अ) खाली करमुक्त आहे. शिवाय कर कापून रक्कम नेमकी पुढच्या ओळीच्या गुणकावर येऊन थांबत नाही.

फोनवर मला 'सिस्टीमने काढले आहे' एवढेच उत्तर मिळाले. माझी बरीचशी नोकरी हिशेबातच गेली. सिस्टीममध्ये जे भरावे तेच बाहेर येते, तेव्हा काय भरले ते कळवावे. मूळ पेन्शन, धरलेली जन्मतारीख व वय, गुणक आणि कम्युटेशन लागू झाल्याची तारीख दाखवणारे गणनापत्रक, तसेच वापरलेल्या तक्त्याची प्रत सहीशिक्क्यानिशी द्यावी.

आणखी एक. रक्कम जुलैत आली, पण मे आणि जूनची पेन्शन १४,२०० कापून, म्हणजे मूळ पेन्शन २८,४०० धरून मिळाली. ही कपात कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या नियमाने सुरू केली, आणि पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन पूर्ववत होण्याची मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार, हेही त्याच पत्रात लिहावे. ही तारीख आज कागदावर आली नाही, तर २०४० साली ती कोणाला विचारणार?

हिशेबात चूक आढळल्यास फरकाची रक्कम खात्यात जमा करावी. माझेच गणित चुकले असेल, तर कोणत्या पायरीवर ते दाखवावे. मी मान्य करीन. उत्तर तीस दिवसांत मिळावे ही विनंती.

आपला विश्वासू,
सदाशिव गोरे
निवृत्त अधिकारी, सातारा

सोबत : पीपीओ, अर्जाची पोच, पासबुकातील १८ जुलैची नोंद आणि जन्मदाखला यांच्या छायाप्रती