पिव्हट पिनच्या ड्रॉइंगवरील शीर्षक-चौकट व टिपांचे मराठी भाषांतर

महादेवदादा यांस, सप्रेम नमस्कार.

आपण काल कुपवाडच्या शॉपमधून पाठवलेल्या चार फोटोंवरून हे भाषांतर केले आहे. पहिल्या फोटोत ट्यूबलाइटची तिरीप बरोबर सुधारणा-अक्षरावर पडल्यामुळे ते सी आहे की जी हे कळत नव्हते, म्हणून ऑर्डरच्या कागदाशी ताडून पाहिले. ते सी आहे. मशिनवर बी सुधारणेची जुनी प्रिंट लावलेली असेल, तर ती आजच काढून ठेवावी, कारण जस्ताच्या लेपाविषयीची आणि आट्यांविषयीची टीप याच सुधारणेत बदलली आहे. ड्रॉइंग जर्मनीतील ग्राहकाचे असल्याने त्यावर दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम छापला आहे. ०,०२ म्हणजे आपले ०.०२. खाली सगळीकडे आपल्या पद्धतीने बिंदू दिला आहे.

शीर्षक-चौकट

भागाचे नाव पिव्हट पिन आहे. सर्व मापे मिलिमीटरमध्ये आहेत. प्रमाण १:१ लिहिले असले, तरी चौकटीच्या वरच ‘ड्रॉइंगवरून पट्टीने माप घेऊ नये’ अशी सूचना आहे, आणि फोटोवरून तर ते मुळीच घेऊ नये. प्रक्षेपणाच्या चिन्हात कापलेला शंकू डावीकडे आणि दोन वर्तुळे उजवीकडे आहेत. म्हणजे ही आपल्या सवयीचीच प्रथम कोन पद्धत आहे.

साहित्याच्या रकान्यात 42CrMo4+QT असे आहे. हे क्रोमियम-मॉलिब्डेनमचे मिश्र पोलाद असून त्यात कार्बन ०.३८ ते ०.४५ टक्के असतो. आपल्या भागातले व्यापारी ज्याला ईएन १९ म्हणतात, त्याच्या हे जवळचे आहे. ईएन ८ मात्र साधे कार्बन पोलाद आहे आणि ते येथे चालणार नाही. शेवटच्या QT या अक्षरांचा अर्थ बार आधीच पाणी देऊन आणि टेम्पर करून आलेला असला पाहिजे. नरम बार आणून नंतर पाणी देण्याची मुभा ड्रॉइंगमध्ये नाही. गाभ्याचा कडकपणा २८ ते ३२ एचआरसी मागितला आहे, तो ब्रिनेल मोजणीत साधारण २७० ते ३०० येतो. टर्निंग सुरू करण्यापूर्वी प्रत्येक बारच्या टोकाला तो तपासून नोंदवावा.

याच रकान्यात खाली EN 10204-3.1 असे लिहिले आहे. यातील ‘ईएन’चा ईएन १९ मधल्या ‘ईएन’शी काहीही संबंध नाही. ईएन १९ हा जुन्या ब्रिटिश मालिकेतला पोलादाचा क्रमांक आहे, तर हे प्रमाणपत्राविषयीचे युरोपीय मानक आहे. पोलाद बनवणाऱ्या कारखान्याच्या, परंतु उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या तपासनिसाने सही केलेले आणि त्याच हीटचे निष्कर्ष असलेले प्रमाणपत्र मालासोबत हवे, असा त्याचा अर्थ आहे. व्यापाऱ्याच्या लेटरहेडवरचे पत्र त्याच्या जागी चालत नाही. बार कापल्यावर हीट क्रमांक उरलेल्या तुकड्यावरही घालावा, नाहीतर पुढे प्रमाणपत्र आणि माल यांची सांगड घालता येत नाही.

सर्वसाधारण टिपा

टीप १. ‘वेगळे नमूद केलेले नसेल तेथे ISO 2768-mK प्रमाणे टॉलरन्स लागू आहे.’

यातील लहान m हा लांबी आणि कोन यांच्या मध्यम वर्गासाठी आहे, आणि मोठा K हा सपाटपणा, काटकोन, रन-आउट अशा भौमितिक गोष्टींसाठी आहे. आपल्या पिनवर ज्या मापांपुढे टॉलरन्स छापलेला नाही, त्यांना तो असा लागतो : एकूण लांबी १४२ ला ±०.५, ग्राइंडिंगच्या भागाची लांबी ६८ ला ±०.३, आट्यांची लांबी २४ ला ±०.२, डोक्याचा व्यास ४५ ला ±०.३ आणि डोक्याची जाडी ६ ला ±०.१. शेवटच्या मापाकडे विशेष लक्ष द्यावे. तक्त्यात ३ च्या पुढे ६ पर्यंत ±०.१ आणि ६ च्या पुढे ३० पर्यंत ±०.२ असे टप्पे आहेत, आणि नेमके ६ हे माप खालच्या, म्हणजे कडक टप्प्यात मोडते. डोक्यावरच्या २ × ४५° चॅम्फरच्या मापाला ±०.२ आणि त्याच्या कोनाला ±१° आहे. आट्यांचा भाग ग्राइंड केलेल्या व्यासाशी किती फिरावा हे वेगळे दिलेले नाही, त्यामुळे तेथे K वर्गाचा ०.२ हा रन-आउट धरावा.

टीप २. ‘Ø30 g6 हा संदर्भ ए आहे, डोक्याचा आतला चेहरा त्याच्याशी ०.०३ च्या आत काटकोनात असावा.’

g6 म्हणजे हा व्यास २९.९८० ते २९.९९३ मध्येच राहिला पाहिजे, पूर्ण ३०.००० झालेला नग नापास आहे. काटकोन पाहताना पिन दोन सेंटरमध्ये धरून चेहऱ्यावर डायल फिरवावा. सेंटरच्या भोकांविषयी ISO 6411-A 4/8.5 असे चिन्ह आहे आणि त्याचा बाण उघडा आहे, म्हणजे ही भोके तयार नगावर राहिली पाहिजेत. ती शेवटी कापून टाकू नयेत.

टीप ३. ‘पृष्ठभागाचा खरखरीतपणा सर्वत्र आरए ३.२, संदर्भ ए वर आरए ०.४.’

हे आकडे मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात आहेत. जुन्या प्रिंटवर हेच एन ८ आणि एन ५ असे लिहिलेले आढळते.

टीप ४. ‘संदर्भ ए इंडक्शनने ५० ते ५५ एचआरसी कडक करावा, ग्राइंडिंगनंतर खोली १.५ ते २.५, कडक पट्टा सर्क्लिपच्या खाचेच्या ४ मिलिमीटर आधी संपावा.’

खोली ग्राइंडिंगनंतरची मागितली आहे, म्हणून टर्निंगमध्ये व्यासावर सोडलेल्या मालाचा अर्धा भाग इंडक्शनवाल्याला खोलीत जास्तीचा धरायला सांगावा. खाचेच्या ४ मिलिमीटर आधी थांबण्याचे कारणही त्यांना समजावून द्यावे, कारण नुसता आकडा दिला की तो दुर्लक्षिला जातो : खाचेचा तीक्ष्ण कोपरा कडक झाला, तर तेथूनच तडा सुरू होतो. खाचेचा व्यास २८.३९ ते २८.६० आणि रुंदी १.६० ते १.७४ अशी आहे.

टीप ५. ‘संदर्भ ए आणि सर्क्लिपची खाच वगळून सर्व पृष्ठभागांवर Fe//Zn8//Cn//T0 प्रमाणे जस्ताचा लेप, कमाल जाडी १२ मायक्रोमीटर.’

हे चिन्ह डावीकडून उजवीकडे वाचावे. मूळ धातू लोखंड, त्यावर किमान ८ मायक्रोमीटर जस्त, त्यावर इंद्रधनुषी छटेचे पॅसिव्हेशन, आणि वरून कोणताही सीलर नाही. ८ ही सरासरी जाडी नसून महत्त्वाच्या पृष्ठभागावर कोठेही त्यापेक्षा कमी चालणार नाही अशी ती मर्यादा आहे. Cn मधल्या लहान n चा अर्थ पॅसिव्हेशनमध्ये सहा-संयुजी क्रोमियम नसावे असा आहे, आणि येथेच चूक होण्याचा सर्वांत मोठा संभव आहे. प्लेटिंगवाल्याला नुसते ‘पिवळे झिंक’ सांगितले, तर जुन्या सवयीने सहा-संयुजी क्रोमेटच्या टाकीत माल जाऊ शकतो. चलनावर ‘ट्रायव्हॅलंट, इंद्रधनुषी’ असे शब्द लिहावेत. अशा मालाचा रंग गडद पिवळा नसतो. फिकट छटेवर हिरवट-गुलाबी झाक दिसते. तो फिका दिसला म्हणून परत पाठवू नये.

संदर्भ ए आधी ग्राइंड करून मगच मास्किंग करावे. जस्त चढल्यावर ग्राइंडिंग केल्यास ते दगडात भरते आणि आरए ०.४ मिळत नाही. मास्किंगखालचा भाग उघडा राहणार असल्याने प्लेटिंगहून आल्याबरोबर त्यावर गंजरोधक तेल लावावे.

टीप ६. ‘लेपानंतर ४ तासांच्या आत १९० ± १० अंश सेल्सिअसवर किमान ८ तास भाजावे; पॅसिव्हेशन त्यानंतर करावे.’

ॲसिड आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. कडक पोलाद त्यामुळे ठिसूळ होते आणि पिन बसवल्यावर काही दिवसांनी, कोणतीही पूर्वसूचना न देता तुटू शकते. संदर्भ ए मास्क केलेला असला, तरी त्याचा कडक थर याच नगाचा भाग आहे. प्लेटिंगवाल्याकडे भट्टी आहे का, हे माल पाठवण्याआधी विचारावे. ती नसेल आणि माल दुसरीकडे न्यावा लागणार असेल, तर ४ तासांत वाहतूकही धरलेली आहे. भट्टीच्या तापमानाचा तक्ता मालासोबत मागून घ्यावा. भाजल्यानंतर संदर्भ ए चा कडकपणा दोन नगांवर पुन्हा तपासावा, कारण इंडक्शननंतरचे टेम्परिंग याहून कमी तापमानाला झालेले असेल तर तो उतरतो.

टीप ७. ‘सर्व मापे लेपानंतरची आहेत. अपवाद आट्यांचा : M20×1.5-6g हे लेपापूर्वीचे माप असून, लेपानंतर 6h च्या गो गेजने तपासावे.’

ही टीप मी सर्वांत जास्त वेळ घेऊन लिहीत आहे. मी पूर्वी ज्या शॉपमध्ये होतो तेथे अशीच एक लॉट प्लेटिंगहून आली आणि नट दोन फेऱ्यांवर अडकू लागले. टर्निंगमध्ये प्रत्येक नग रिंग गेजने पास झालेला होता, चूक कोणाचीच दिसत नव्हती, आणि शेवटी जस्त काढून सगळा माल पुन्हा चढवावा लागला.

कारण असे आहे. आट्याच्या दोन्ही उतारांवर लेप बसतो आणि ६० अंशांच्या आट्यात पिच व्यास लेपाच्या जाडीच्या चौपट वाढतो. ८ मायक्रोमीटरला तो ०.०३२ वाढतो आणि १२ ला ०.०४८. या आट्याला g या अक्षराने मिळणारी मोकळीक नेमकी ०.०३२ आहे. म्हणजे पिच व्यास वरच्या मर्यादेला, १८.९९४ ला ठेवला, तर किमान लेपानेच सगळी मोकळीक संपते आणि जाड लेप बसला की गेज जात नाही. खालची मर्यादा १८.८५४ आहे. म्हणून आपण पिच व्यास १८.८६० ते १८.९४० मध्ये ठेवावा. मग १२ मायक्रोमीटर लेपानंतरही तो १८.९८८ च्या वर जाणार नाही आणि 6h च्या १९.०२६ या मर्यादेपर्यंत जागा उरेल. ही जागा लागते, कारण आट्याच्या शिरावर आणि टोकाच्या पहिल्या फेरीवर जस्त नेहमीच जास्त जमते.

टर्निंगमध्ये केवळ गो आणि नो-गो पाहून समाधान मानू नये, तर दर दहाव्या नगाला थ्रेड मायक्रोमीटरने आकडा लिहून ठेवावा. दोन रिंग गेज वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत : टर्निंगसाठी 6g चे गो आणि नो-गो, प्लेटिंगनंतर 6h चे फक्त गो. प्लेटिंगनंतर 6g च्या गो गेजने माल तपासून नापास ठरवू नये. तो तेथे अडकला तरी नग चांगला असू शकतो.

टीप ८. ‘सर्व बर काढावेत; तीक्ष्ण कडा ०.२ ते ०.५ मोडाव्यात.’ सर्क्लिपच्या खाचेच्या कडा ड्रॉइंगमध्ये यातून वगळल्या आहेत. तेथे बर काढावा, पण कड गोल करू नये, कारण सर्क्लिपचा सगळा भार त्याच कडेवर येतो.

टीप ९. ‘भाग क्रमांक व हीट क्रमांक डोक्याच्या बाहेरच्या चेहऱ्यावर, ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, प्लेटिंगपूर्वी कोरावा.’ पंच ठोकू नये. कोरण्याचे यंत्र वापरावे.

चौथ्या फोटोत डावीकडच्या समासात हाताने लिहिलेली एक ओळ आहे, ‘व्यास ३० – एच ६ चालेल’ अशा अर्थाची. ती ग्राहकाच्या सहीने नाही आणि सुधारणेच्या तक्त्यातही नाही, म्हणून ती भाषांतरात घेतलेली नाही. ग्राहकाला त्याविषयी लेखी विचारले आहे. उत्तर हाती येईपर्यंत ग्राइंडिंग २९.९८० ते २९.९९३ मध्येच करावे.