शिफारसपत्रासाठी विनंती

दिनांक : २ डिसेंबर २०२४
नागपूर

प्रति,
माननीय प्राध्यापक,
पदव्युत्तर भूशास्त्र विभाग,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर

विषय : परदेशातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी शिफारसपत्र मिळण्याबाबत

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मी मृणाल, एम.एस्सी. भूशास्त्राच्या २०२२-२४ तुकडीची विद्यार्थिनी. काटोल तालुक्यातील विहिरींच्या पाणीपातळीवरचा माझा प्रबंध आपल्या मार्गदर्शनाखाली झाला. भूजल आणि हवामानबदल या विषयावरच्या इरास्मस मुंडस संयुक्त अभ्यासक्रमासाठी मी अर्ज करते आहे. त्याचे शिक्षण लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन या तीन ठिकाणी विभागलेले आहे. अर्जासोबत दोन शिफारसपत्रे द्यायची आहेत. त्यांपैकी एक आपण द्यावे, अशी नम्र विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

दुसरे पत्र मी सध्या काम करते तेथील वरिष्ठ देणार आहेत. बोअरसाठी जागा निवडताना मी जे प्रतिरोधकता सर्वेक्षण करते, त्याबद्दल ते लिहितील. पण मी प्रश्न कसा मांडते, हाती आलेली आकडेवारी कशी तपासते, हे आपल्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही. म्हणून हा आग्रह.

आपल्या स्मरणासाठी थोडे लिहिते. ऑक्टोबर २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात मी संत्राबागांमधल्या विहिरी मोजत होते. शेतकऱ्याची मोटार सुरू होण्याआधी पातळी मोजली गेली पाहिजे, उपशानंतरचा आकडा नकाशावर चढवायचा नाही, हे आपण पहिल्याच आठवड्यात बजावले होते. त्यामुळे पहाटेची पहिली एस.टी. पकडावी लागे, पण मार्च महिन्यातला फरक त्यामुळेच हाती लागला. एकाच उतारावरच्या दोन विहिरी, मध्ये जेमतेम एक बांध. एक कोरडी पडत आली आणि दुसरीला पाणी होते. बागायतदार त्याला नशीब म्हणत होते. दोन्ही विहिरींच्या कडा उतरून पाहिल्यावर दिसले, की पाणी असलेल्या विहिरीत मुरुमाखाली मांजऱ्या खडक होता आणि तो फुटलेला होता. कोरड्या विहिरीत वरचा मुरूम संपताच सलग काळा पाषाण लागत होता. त्या खडकात पाणी साठायला भेगा जवळजवळ नव्हत्याच. मौखिक परीक्षेत याच मुद्द्यावर आपण मला बराच वेळ प्रश्न विचारले होते. तांबड्या बोलाच्या थराचा पाण्याच्या हालचालीवर काय परिणाम होतो, हा आपला शेवटचा प्रश्न माझ्या मनात अजून आहे, आणि उद्देशपत्राचा मोठा भाग मी त्यावरच लिहिला आहे.

आपण पत्रात काय लिहावे हे सुचवण्याचा माझा अधिकार नाही. 'मजकूर तयार करून आण, मी सही करतो' अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, याची मला कल्पना आहे. तरीही मी मसुदा जोडलेला नाही. निवड समितीला आपले स्वतःचे मत कळावे, त्यात माझ्या उणिवा आल्या तरी चालतील, असे मला मनापासून वाटते. संदर्भासाठी गुणपत्रिका, प्रबंधाचा सारांश, उद्देशपत्र आणि दोन पानी परिचयपत्र सोबत जोडले आहे.

अर्जाची शेवटची मुदत ८ जानेवारी आहे. आपली संमती मिळाल्यावर मी पोर्टलवर आपला विद्यापीठाचा ई-मेल नोंदवीन. पत्र चढवण्याचा दुवा त्यावर थेट आपल्याकडे येईल. पत्र इंग्रजीत, विभागाच्या पत्रशीर्षावर आणि सहीसह लागते. सत्र परीक्षांच्या कामामुळे आपला वेळ किती अपुरा असतो हे मी पाहिलेले आहे. त्यामुळे ३ जानेवारीपर्यंत पत्र झाले तर मला सोयीचे होईल. डिसेंबरच्या शेवटी मी एकदा आठवण करून देईन, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

काही कारणाने हे शक्य नसेल, किंवा माझ्याबद्दल ठामपणे लिहिण्याइतके आपल्याला वाटत नसेल, तर कृपया निःसंकोचपणे कळवावे. मी वेळेत दुसरी व्यवस्था करीन आणि त्याचा मला मुळीच राग येणार नाही.

प्रत्यक्ष बोलणे आपल्याला अधिक बरे वाटत असेल, तर आपण सांगाल त्या दिवशी मी विभागात येईन. शक्यतो अधिवेशन सुरू होण्याआधी. नंतर सिव्हिल लाइन्सकडून यायचे म्हणजे अर्धा दिवस बंदोबस्तातच जातो. आपल्याला तोच काळ सोयीचा असेल, तर तेव्हाही येईन.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
मृणाल

सोबत : वर उल्लेखलेली चार कागदपत्रे