विषय: चाकणच्या गोडाऊनमधला जुना माल

मॅडम, नमस्कार.

काल निघताना तुम्ही म्हणालात, "जुना माल गणपतीच्या आत क्लिअर करून टाका." मी समजलोय ते असं: मार्चआधी आलेली खोकी मोजायची, चांगली हडपसरच्या दुकानात पाठवायची, फुटका माल भंगारात. बरोबर ना?

अडलंय ते इथे. ४२ खोक्यांचा नुसता पुठ्ठा भिजलाय, आतला माल कोरडा आहे. मी दोन उघडून पाहिली. ती चांगल्यात धरू का? भंगाराच्या पावतीवर सही तुमची की अकाउंट्सची? (मागच्या वेळी यावरूनच घोळ झाला होता.) आणि गणपतीच्या आत म्हणजे बसायच्या की विसर्जनाच्या?

मोजणी आज सुरू करतोय. टेम्पो उद्या अकराला सांगितलाय, पण तुमचं उत्तर आल्याशिवाय भरत नाही.