टंचाई आणि तिची वाटणी

युद्ध लांबलं की टंचाई येतेच. शेतातली माणसं आणि घोडे सैन्यात जातात, खताला लागणारा नायट्रोजन दारूगोळ्यात खपतो, मालगाड्या आधी आघाडीकडे धावतात, समुद्रमार्ग बंद पडतात. पण जे उरलं ते कुणाला किती मिळणार, हे माणसं ठरवतात. माझ्या मते घरच्या आघाडीचा सगळा इतिहास या वाटणीचा आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीत अन्न तुटपुंजं झालं. 1915 मध्ये बर्लिनमध्ये पावासाठी कार्डं आली. 1916 मध्ये बटाट्याचं पीक रोगानं आणि पावसानं गेलं, आणि त्या हिवाळ्यात लोकांनी एरवी गुरांना घालायचे सलगम खाल्ले. कार्डावर हक्क लिहिलेला असे, पण तासन्‌तास रांगेत उभं राहिल्यावर माल संपलेला असे. ज्यांच्याकडे पैसा किंवा दागिने होते ते खेड्यात जाऊन शेतकऱ्याकडून चोरून घेत. भुकेपेक्षाही हा भेद लोकांच्या मनात जास्त सलला.

महागाई हीसुद्धा एक वाटणीच असते, फक्त ती खिशाच्या मापानं होते. सरकार खर्चासाठी नोटा छापतं, कारखान्यांत मजुरी वाढते, आणि विकत घ्यायला वस्तू मात्र कमी असतात. नुसते भाव बांधून दिले तर माल दुकानातून नाहीसा होऊन काळ्या बाजारात जातो. नुसतं रेशन लावलं आणि भाव मोकळे सोडले तर गरिबाला कार्डावरचाही माल परवडत नाही. दोन्ही एकत्र हवेत.

ते झालं नाही की काय होतं, हे 1943 च्या बंगालनं दाखवलं. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिकडचा तांदूळ थांबला, युद्धखर्चानं भाव भडकले, साठेबाजी झाली. कलकत्त्यातल्या युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य मिळत राहिलं. खेड्यातले भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर यांच्यासाठी कुठलीच व्यवस्था नव्हती. मृतांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात, आणि हे लोक युद्धाच्या हिशेबात कुणी धरलेच नव्हते, हे वाचताना आजही संताप येतो.

ब्रिटनमध्ये 8 जानेवारी 1940 पासून बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली, पुढे मांस, चहा, कपडे. लोक कुरकुरले, काळा बाजारही झाला, पण पाव आणि बटाटे युद्धभर मोकळे ठेवले होते. त्यामुळे पोट भरण्याची हमी राहिली. पावावर रेशन आलं ते युद्ध जिंकल्यानंतर, 1946 मध्ये, आणि दोन वर्षं टिकलं. मांसावरचं शेवटचं बंधन उठायला 1954 चा जुलै उजाडला.