पेमेंट रन पुढे गेल्याचा मेसेज: दुरुस्त्या आणि फायनल मजकूर

तुझा ड्राफ्ट बघितला गं. मेहनत दिसतीय, पण असाच पाठवू नकोस, बरंच बदललंय मी. का बदललं ते आधी वाच आणि मग खालचा मजकूर आज रात्री ८ च्या आत व्हेंडर ग्रुपवर आणि मेलवर दोन्हीकडे टाक, परचेस आणि स्टोअरला कॉपी ठेव. उद्या सकाळी टाकून उपयोग नाही, कारण उद्या शुक्रवार, लोक सकाळपासूनच खातं बघत बसतात.

पहिली गोष्ट, तू तारीख चौथ्या पॅऱ्यात लिहिलीस. त्याच्या आधी "सर्व सन्माननीय पुरवठादारांना कळविण्यात येते की" पासून सुरुवात करून कंपनीचं कौतुक, मग सिस्टीम सुधारणा, मग सहकार्याची विनंती. कुणी वाचणार नाही ते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आपले डाईंगवाले आठवतात का, मागं बिलाच्या फरकासाठी आपण दोघी त्यांच्याकडं गेलो होतो, शनिवार होता आणि मुनीम हजेरीचं रजिस्टर उघडून पाचशेच्या नोटांना रबर लावत बसले होते, बाहेर बायका-माणसं हप्त्यासाठी उभी होती. आपलं पेमेंट शुक्रवारी आलं तर ते शनिवारी वाटतात. त्यांना आपल्या मेसेजमधून एकच गोष्ट हवी असते, माझे पैसे उद्या येणार का नाही, आणि नाही तर कधी. ते पहिल्या ओळीत पाहिजे.

दुसरं, "काही तांत्रिक कारणास्तव" काढलंय. सूतवाल्यांच्या नावानं खोटा मेल आला होता, खातं बदला म्हणून, मेल आयडीत एक अक्षर जादा होतं आणि बाकी लेटरहेड-बिटरहेड सगळं बरोबर. आपण जुन्या नंबरवर फोन केला म्हणून वाचलो, आजोबांनीच उचलला, "आमचं खातं तेच आहे की ओ, कोण बदला म्हणालं?" तेव्हा सगळ्या ८६ व्हेंडरची खाती फाईलमधल्या कॅन्सल चेकशी ताडून बघायचं ठरलं आणि म्हणून उशीर झालाय, हे सरळ सांगायचं. तांत्रिक कारण म्हटलं की बाजारात लगेच उठतं, यांच्याकडं पैसा अडकला वाटतं. पैसा आहे, तेही लिहिलंय. फक्त सूतवाल्यांचं नाव कुठंही येऊ देऊ नकोस, त्यांची काही चूक नाही.

तिसरं जरा नीट वाच, इथं चूक मोठी होती. तू लिहिलंस "एमएसएमई पुरवठादारांना बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांत". बिलाच्या तारखेपासून नसतं ते, माल किंवा काम आपण स्वीकारलं त्या दिवसापासून मोजायचं, आणि ४५ सुद्धा लेखी करार असेल तरच, नसेल तर १५ दिवस. शिवाय मीडियम यात येत नाही, फक्त मायक्रो आणि स्मॉल, आणि उद्यम असलं तरी निव्वळ ट्रेडिंग करणारे यात धरत नाहीत. म्हणून सायझिंग, डाईंग, शिलाईवाले यात आहेत पण बरेचसे सूताचे व्यापारी नाहीत. मुदत चुकली तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ, आणि मार्चअखेर बाकी राहिली तर ४३बी(एच) मुळं तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. पण मेसेजमध्ये कायदा झाडायची गरज नाही, लोकांना लॉट कळला की पुरे. कायदा तुझ्यासाठी सांगितला, लॉट लावताना उपयोगी पडतो.

आज संध्याकाळपर्यंत ३१ खाती तपासून झाली, ती मी मुद्दाम याच क्रमानं घेतली होती, आधी मजुरी देणारे आणि मुदत गाठलेले. उरले ५५, त्यातले ६ जण असे की खातं जुळत नाही नाहीतर स्टोअरच्या जीआरएनचा आणि बिलाचा मेळ नाही. म्हणजे मंगळवारी ४९ नक्की. "लवकरात लवकर" हा शब्द परत वापरू नकोस. आणि वेळ "दुपारपर्यंत" अशी दिली होतीस ती "संध्याकाळी ५ पर्यंत" केली, एनईएफटी अर्ध्या तासाच्या बॅचनं जातं हे खरं, पण सरांची अप्रूव्हल कधी मिळेल ते आपल्या हातात नाही, सांगायचं तर पाळता येईल असं.

हा फायनल मजकूर, यातला शब्द बदलायचा असला तर मला फोन कर:

नमस्कार मंडळी,

उद्या शुक्रवार, १४ नोव्हेंबरला होणारं आठवड्याचं पेमेंट दोन लॉटमध्ये होणार आहे. पहिला लॉट उद्याच, दुसरा मंगळवार, १८ नोव्हेंबरला. तुमचा लॉट कोणता ते खाली बघा.

उशिराचं कारण: आपल्या एका पुरवठादाराच्या नावानं खातं बदलण्याचा खोटा मेल आम्हाला आला होता. पैसे कुठंही चुकीचे गेलेले नाहीत. पण तुमचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाऊ नयेत म्हणून आम्ही प्रत्येकाचं खातं पुन्हा तपासतोय. पैशाची अडचण नाही, पेमेंटची रक्कम बाजूला ठेवलेली आहे.

उद्या १४ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत: सायझिंग, डाईंग, शिलाई-पॅकिंगचं जॉबवर्क, लेबर कॉन्ट्रॅक्टर, आणि ज्या छोट्या युनिटची पेमेंटची मुदत या आठवड्यात संपतेय ते सगळे. एकूण ३१ जण, प्रत्येकाला आज रात्री वेगळा मेसेज येईल.

मंगळवारी १८ तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत: सूत, रंग-केमिकल, पॅकिंग मटेरिअल, ट्रान्सपोर्ट आणि बाकीचे.

६ जणांची खाती किंवा बिलं जुळत नाहीत, त्यांना आम्ही उद्या स्वतः फोन करतोय. सोमवारी १७ तारखेला दुपारी ४ पर्यंत कागद मिळाले तर मंगळवारच्या लॉटमध्ये घेऊ, नाहीतर शुक्रवारी २१ तारखेच्या नेहमीच्या रनमध्ये.

पहिल्या लॉटमध्ये नाव नाही पण शनिवारी मजुरी वाटायची आहे, असं कुणाचं असेल तर उद्या सकाळी ११ च्या आत अकाउंट्सला फोन करा. तुमचं खातं आधी तपासून घेऊ.

खातं बदलायचं असेल तर मेल, व्हॉट्सॲप चालणार नाही. कॅन्सल चेक आणि सही-शिक्क्याचं पत्र घेऊन ऑफिसला या, आम्ही तुमच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करू. आम्ही कधीही ओटीपी मागत नाही.

उशीर आमच्याकडून झालाय, त्याबद्दल माफ करा.

अकाउंट्स विभाग

एवढंच. पाठवलंस की लगेच त्या ३१ जणांची यादी उघड आणि डाईंगच्या मुनीमांना मात्र मेसेजवर न ठेवता फोन लाव, ते व्हॉट्सॲप उशिरा बघतात.