चेतनच्या वहीत ठेवलेली चिठ्ठी

९ जानेवारी

प्रिय चेतन,

वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा. आज चौदा पूर्ण झाले.

परिपाठात तुझं नाव पुकारलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. सगळ्या शाळेसमोर उभं राहून टाळ्या घ्यायला तुला आवडणार नाही असं वाटलं. म्हणून ही चिठ्ठी. वही परत देताना आत ठेवली आहे. कोणाला दाखवायची की नाही, ते तू ठरव.

विज्ञानाची वही तपासताना मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं वाचलं. थंडीत केळीचा घड खोडातच का अडकतो, हे मी मंगळवारी वर्गात विचारलं होतं. कोणी बोललं नाही. तू मात्र लिहून ठेवलं होतंस: पारा दहाच्या खाली गेला की वाढ मंदावते, खोडाच्या तोंडाशी पानं दाटतात, घडाला वर यायला वाट राहत नाही. म्हणून रात्री विहिरीचं कोमट पाणी सोडायचं, पहाटे बांधावर धूर करायचा. बावन्न जणांच्या वर्गात हे एवढं नेमकं तूच लिहिलंस. पुसायचा प्रयत्न केलेला दिसतो, तरी वाचता आलं. उत्तर पुसत जाऊ नकोस.

मला जे दिसतं ते सांगते, बरोबर आहे का बघ. प्रश्न आला की तू आधी अख्खं वाक्य पुस्तकी मराठीत मनात जुळवतोस. ते जुळेपर्यंत पुढच्या बाकावरून कोणीतरी उत्तर देऊन मोकळं होतं. घरी अहिराणी, शाळेत ही भाषा, मध्ये वेळ जाणारच. तर माझ्या तासाला 'केयना घड अटकस' असं म्हटलंस तरी चालेल. उत्तर ते उत्तर. फळ्यावर प्रमाण मराठीत आपण मिळून लिहू. कोणी हसलं तर ते मी बघेन, तुला काही करायचं नाही.

दुसरं, तू उभा राहतोस तेव्हा वही बाकावरच असते. खाली बघायला मान वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि आवाज तिथेच दबतो. वही छातीपर्यंत उचलून धर. आधी श्वास घे, मग पहिला शब्द. तू श्वास सोडून झाल्यावर सुरुवात करतोस, म्हणून तिसऱ्या-चौथ्या शब्दाला हवा संपते आणि तुला वाटतं की आपल्याला बोलताच येत नाही. बघायचं असेल तर खिडकीच्या गजाकडे बघ. माझ्याकडे बघायलाच हवं असं नाही.

आता आपल्या दोघांतली एक खूण. बोलावंसं वाटेल त्या दिवशी पेन बाकाच्या उजव्या कडेला आडवा ठेव. पेन दिसला तरच मी तुला विचारेन, नाहीतर विचारणार नाही. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजेन, तोवर दुसऱ्या कोणाचा हात घेणार नाही. मध्येच अडलास तर 'मॅडम, परत सांगतो' एवढं म्हण आणि वाक्य पहिल्यापासून घे. अर्ध्यातून जोडायला गेलं की जास्त अडतं.

सुरुवात वाचनाने करू. सोमवारी मराठीच्या तासाला धड्यातल्या दोनच ओळी. कोणत्या, ते शनिवारी सुट्टीत सांगेन, म्हणजे रविवारी घरी चार-पाच वेळा मोठ्याने वाचून होतील. आईसमोर वाच, नाहीतर गोठ्यात म्हशीसमोर वाच, ती मध्ये बोलत नाही. पूर्णविराम आला की थांब. घाईत तू दोन वाक्यं एकात एक घुसवतोस, आणि मग ऐकणारा 'काय?' म्हणतो. तो 'काय?' तुला चूक काढल्यासारखा लागतो. बहुतेक वेळा त्याला फक्त ऐकू आलेलं नसतं.

महिनाभर एवढंच पुरे. २६ जानेवारीच्या भाषणासाठी तुझं नाव घालणार नाही, तसं कोणी सुचवलं तरी.

आणि गप्प बसणं हा काही गुन्हा नाही. तुझ्याशेजारी बसणारा गणितात कसा सुधारला, ते मी पाहते. मधल्या सुट्टीत तू त्याला हळू आवाजात सगळं उलगडून सांगतोस, तेव्हा एकदाही अडत नाहीस.

आज घरी लवकर जा. भरीत-पुरीचा बेत असेल तर पोटभर जेव.

तुझ्या वर्गशिक्षिका

ता. क. : तू लिहिलं आहेस की बागेला शेवरीचं कुंपण असलं की थंड वारा अडतो. मग ती चारही बाजूंनी लावता की फक्त उत्तरेच्या अंगाला? वहीत लिहून दिलंस तरी चालेल.